'व्यवसायम्' म्हणजे शेती: सीमेपलीकडून आलेला बायोडाटा



गेल्या उन्हाळ्यात देगलूर तालुक्यातल्या आमच्या एका गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशोब संपला आणि एका बाईनं पदराआडून मोबाईल काढला. म्हणाली, "ताई, लेकीला स्थळ आलंय. पण कागद तेलुगूत आहे." मोबाईलवर बायोडाट्याचा फोटो होता. कागदाला मधोमध घडी पडलेली, खालच्या कोपऱ्यावर फोटो काढणाऱ्याचा अंगठा. स्थळ जुक्कलकडचं, म्हणजे आमच्या गावाहून बसनं तासाभराच्या अंतरावरचं.

बाईच्या भाच्यानं तो आदल्या रात्रीच वाचून दाखवला होता. पोरगा निजामाबादला हॉटेलात काम करून दुकानांच्या पाट्या वाचायला शिकलेला. अक्षर लावता येतं, भाषा अर्धीच येते. त्यानं वाचलं ते असं: वडिलांचा व्यवसाय. मुलाचा उद्योग. आजोबा माळी. आणि शेवटी, दुसरा संबंध.

घरात रात्रभर झोप नाही. बापाचा व्यवसाय आणि पोराचा उद्योग म्हणजे पैसेवाले लोक, मग आपल्यासारख्यांकडे कसे आले? आजोबा माळी म्हणजे जात वेगळी, मग मध्यस्थानं आपल्याच जातीचे कसं सांगितलं? आणि पोराचा दुसऱ्या बाईशी संबंध आहे, हे बायोडाट्यात लिहायची हिंमत तरी कशी झाली? मुलीचे काका मध्यस्थाला फोन करून चार शब्द सुनावणारच होते. आजीनं अडवलं. म्हणाली, "सकाळपर्यंत थांबा. वाचणारं माणूस बघा."

त्या कागदातले चारही शब्द भाच्यानं बरोबर वाचले होते आणि चारही अर्थ चुकले होते. असं का झालं हे समजायला थोडं मागं जावं लागतं. म्हणून आज बायोडाट्याच्या निमित्तानं आपल्या सीमेची गोष्ट सांगते.

आपला मराठवाडा, पलीकडचा तेलंगणा आणि बिदर-गुलबर्ग्याचा कन्नड भाग, हे सगळं 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. घरात मराठी, तेलुगू किंवा कन्नड बोलायची आणि कचेरीत उर्दू चालायची. संस्थान भारतात आल्यावरही हैदराबाद राज्य आठ वर्षं एकत्र राहिलं. मग 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार प्रांतरचना झाली आणि राज्याचे तीन तुकडे झाले. बिदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके इकडं आले. ते आज लातूर जिल्ह्यात आहेत. बिदर, भालकी, औराद तिकडं, म्हणजे आजच्या कर्नाटकात राहिले. नांदेड जिल्ह्यातून मुधोळ, भैंसा आणि कुबीर हा भाग तेलुगू मुलखात गेला. देगलूर तालुक्यातून बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन मंडळं गेली. त्या बदल्यात किनवट आपल्याकडे आलं.

कागदावर ही रेघ सरळ दिसते. पण रेघ काही सोयरिकींकडे बघून मारलेली नव्हती. ज्या आजीनं काकांना अडवलं, तिचं वय आज पंच्याऐंशीच्या पुढं आहे. ती सांगते, "माझं लग्न झालं तेव्हा माहेर आणि सासर एकाच देगलूर तालुक्यात होतं. दोन वर्षांत माहेर दुसऱ्या राज्यात गेलं. मी होते तिथंच होते." तिच्या भावांची मुलं तेलुगू शाळेत गेली, तिची मुलं मराठी शाळेत. मामाच्या घरी आणि आत्याच्या घरी वेगवेगळी लिपी आली. सोयरिकी मात्र सुरूच राहिल्या. माळेगावच्या यात्रेत भेट व्हायची, तिथंच बोलणं निघायचं. त्या काळी बायोडाटा नव्हता. टिपण असायचं, आणि बाकी सगळं तोंडी. तोंडी निरोप नेणारं माणूस दोन्ही भाषा जाणणारं असायचं. कुठं हळू बोलायचं, कुठं गप्प बसायचं, हे त्याला कळायचं. आता त्या माणसाच्या जागी मोबाईलवरचा फोटो आला. फोटोला भाषा एकच येते.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्याच गटातल्या एका सुनेला बोलावलं. तिचं माहेर बिचकुंद्याकडचं, शाळा बारावीपर्यंत तेलुगूत झालेली. ती वाचणार, आजी अर्थ सांगणार आणि मी मराठीत लिहिणार, असं ठरलं.

सुनेनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे फोटो परत मागवला. "घडीत एक ओळ गेलीय आणि अंगठ्याखाली एक आहे. अर्ध्या कागदावर मी बोलणार नाही," असं म्हणाली. मध्यस्थाला फोन करून कागद सपाट ठेवून, उजेडात, चारही कोपरे दिसतील असा दुसरा फोटो मागितला. त्यानं तासाभरात पाठवला. अंगठ्याखाली मुलाच्या बहिणींची ओळ होती, म्हणजे घरात लग्नाचं कोण आहे हे सांगणारी.

उदगीर-देवणीकडच्या बायांना बिदरकडून असाच कागद आला तर तो बहुधा कन्नडमध्ये असेल. दोन्ही लिप्या गोल गोल, त्यामुळे लांबून सारख्याच वाटतात. ओळखायची खूण अशी: तेलुगूत बऱ्याच अक्षरांच्या डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखी तिरकी टीक असते. कन्नडमध्ये त्या जागी आडवी, चपटी रेघ असते. हे आधी बघितलं की कुणाला बोलवायचं ते कळतं.

आता ते चार शब्द.

पहिला शब्द 'व्यवसायम्'. मराठीत व्यवसाय म्हणजे धंदा, दुकानदारी. तेलुगूत व्यवसायम् म्हणजे शेती, आणि कन्नडमध्येही तसंच. मुलाचे वडील शेतकरी होते, इतकंच. दुसरा शब्द 'उद्योगम्'. आपल्याकडे उद्योग म्हटलं की कारखाना किंवा निदान पापडाचा गृहउद्योग डोळ्यांसमोर येतो. तेलुगूत उद्योगम् म्हणजे नोकरी. त्याच्या आधी 'प्रैवेटु' असं लिहिलं होतं, म्हणजे खासगी नोकरी. धंद्याला त्यांच्याकडे व्यापारम् म्हणतात. भाच्याच्या वाचनात कारखानदार झालेलं घर सुनेच्या वाचनात शेतकरी झालं. बाईचा चेहरा त्या दोन शब्दांनीच सैल पडला.

हे दोन्ही शब्द संस्कृतातून आले. मराठीत एकीकडं वळले, तेलुगूत दुसरीकडं. म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवा. परक्या भाषेतला अजिबात न कळणारा शब्द आपण कुणाला तरी विचारतो. ओळखीचा वाटणारा शब्द विचारत नाही, आणि फसवतो तोच.

तिसरा शब्द आजोबांपुढचा. तिथं 'माली पटेल' असं लिहिलं होतं. सून अडली. तिला वाटलं, हे आडनावच असेल. आजी मात्र हसली. "अगं, माळी नाही. माली पाटील. मालाचा पाटील!" निजामाच्या राज्यात गावाला दोन पाटील असत. एक पोलीस पाटील, गावचा बंदोबस्त बघणारा. दुसरा माली पाटील, सारा वसूल करणारा. उर्दूत 'माल' म्हणजे महसूल, त्यावरून माली. त्यांच्या जोडीला हिशोब लिहिणारा पटवारी. म्हणजे तो शब्द जात सांगत नव्हता, आजोबांचं जुनं काम सांगत होता. ते काम आता राहिलं नाही, पण घराणं सांगताना लोक अजून लिहितात. हा शब्द तेलुगू नाही आणि मराठीही नाही. तो आपल्या दोघांच्या जुन्या कचेरीतला आहे. म्हणून बारावी शिकलेल्या सुनेला जे कळलं नाही, ते शाळेत न गेलेल्या आजीला कळलं.

जमिनीच्या ओळीतही तसंच झालं. 'तरी 2 एकर, खुष्की 4 एकर' असं होतं. ओलिताच्या, भाताच्या रानाला तरी म्हणायचं आणि कोरडवाहूला खुष्की. हे शब्दही जुन्या दफ्तरातलेच. मी लिहिलं, "दोन एकर ओलित, चार एकर कोरडवाहू." एकर-गुंठ्याचा हिशोब दोन्हीकडे सारखाच आहे, चाळीस गुंठ्यांचा एक एकर. आपल्या सातबाऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर असतात. म्हणून आपली जमीन त्यांना कळवताना एकरात सांगावी. साधारण अडीच एकरांचा एक हेक्टर होतो.

नावाच्या बाबतीतही एक सांगते. आपण आधी मुलाचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहितो. तेलुगूत आडनावाला 'इंटी पेरु' म्हणतात, म्हणजे घराचं नाव, आणि ते आधी येतं. भाच्यानं आडनावालाच मुलाचं नाव समजून दोन दिवस त्याच नावानं बोलणं चालवलं होतं. आणि समजा तिकडून मुलीचा बायोडाटा आला, तर नावाआधी 'चि.ल.सौ.' दिसेल. चिरंजीव लक्ष्मी सौभाग्यवती. ती अक्षरं कुमारिकेलाच लावतात, लग्नपत्रिकेतही तसंच छापतात. आपल्याकडे लग्न न झालेल्या मुलीला चि.सौ.कां. लिहितात आणि नुसतं सौ. लग्न झालेल्या बाईला. ते मराठी डोळ्यांनी वाचलं तर मुलीचं लग्न झालेलं आहे असा अर्थ निघेल. केवढा घोटाळा! मराठीत उतरवताना तिथं चि.सौ.कां. असंच करायचं. हा शब्द बदलणं म्हणजे लबाडी नाही. मान तोच राहतो, फक्त आपल्या रीतीत येतो.

घरची माणसं लिहिताना सुनेनं फार बारकाई ठेवली. तेलुगूत मोठ्या भावाला अन्न आणि धाकट्याला तम्मुडु म्हणतात. मोठी बहीण अक्क, धाकटी चेल्लेलु. आपण नुसतं "दोन बहिणी" लिहून मोकळे होतो. अंगठ्याखालच्या ओळीत होतं: एक अक्क, लग्न झालेली, एक चेल्लेलु, लग्नाची. म्हणजे पाठच्या बहिणीचं लग्न अजून व्हायचं आहे आणि त्याचा भार या मुलावर आहे. मी "दोन बहिणी" लिहिलं असतं तर ही गोष्ट गेली असती. आम्ही लिहिलं, "मोठी बहीण विवाहित, धाकटी बहीण अविवाहित."

संपर्काला मेनमामचा नंबर होता. मेनमाम म्हणजे आईचा भाऊ, सख्खा मामा. नुसतं 'माम' असतं तर विचारावं लागलं असतं, कारण तेलुगूत मामालाही माम म्हणतात आणि सासऱ्यालाही. हे ऐकून आपल्याला नवल वाटायला नको. आपणही सासऱ्याला मामंजी म्हणतो आणि सासूला आत्याबाई. इरावती कर्वे यांनी 1953 च्या आपल्या पुस्तकात भारतातली नातेव्यवस्था उलगडली. त्यात त्यांनी महाराष्ट्राला उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीतींमधला प्रदेश मानलं. उत्तरेत नात्यात लग्न चालत नाही. दक्षिणेत मामाची मुलगी, आत्याची मुलगी, काही जातींत तर थोरल्या बहिणीची मुलगीही चालते. आपल्याकडे पुष्कळ जातींत मामाची मुलगी चालते, पण बहिणीची मुलगी म्हटलं की लोक कानावर हात ठेवतात. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात अशी जवळची नाती वर्ज्य आहेत, पण दोन्ही पक्षांच्या रूढीत ती चालत असतील तर सूट आहे. म्हणून पलीकडच्या घरात कुणी मामा-भाची नवरा-बायको असतील तर तिथं नाक मुरडायचं नाही. त्यांच्या रीतीत ते शोभतं. आपल्याला काय चालेल ते आपण आपल्यापुरतं बघायचं.

शिक्षणाच्या ओळीत होतं, 'इंटर, डिग्री डिस्कंटिन्यू'. तेलंगणात अकरावी-बारावीला इंटर म्हणतात, कर्नाटकात त्यालाच पियूसी म्हणतात. आपल्याकडेही जुनी माणसं "इंटर झालोय" म्हणायची, पण ती कॉलेजातली इयत्ता होती. त्यामुळे आजोबांचं इंटर आणि नातवाचं इंटर एक नाही. आणि डिग्री डिस्कंटिन्यू म्हणजे पदवीला नाव घातलं, पण शिक्षण पुरं झालं नाही. इथं मुलीच्या काकांनी मला सांगितलं, "ताई, बी.ए. लिहून टाका, काय फरक पडतो?" लगेच दुसरी बाई म्हणाली, "नाही, नापास लिहा." दोन्ही चूक. त्यानं स्वतः नापास म्हटलं नव्हतं. सोडण्याचं कारण पैसा असेल, घर असेल. मी लिहिलं, "बारावी उत्तीर्ण. पदवीचे शिक्षण अपूर्ण." जेवढं कागदावर आहे तेवढंच, आणि ऐकणाऱ्याला बोचणार नाही असं.

रंगाच्या बाबतीतही हाच नियम धरला. तिथं 'चामनछाय' होतं, म्हणजे गोराही नाही, काळाही नाही, असा मधला रंग. मी "सावळा-गव्हाळ" लिहिलं. मुलीची मावशी म्हणत होती, काळाच लिहा, म्हणजे भेटीत फसगत नको. पण तेलुगूत काळ्याला वेगळा शब्द आहे. मुलाच्या घरानं तो लिहिला नाही, मग आपण कोण लिहिणार? आणि गोरा लिहायचा हक्कही आपल्याला नाही.

आता शेवटचा शब्द, ज्यानं झोप उडवली होती. 'रेंडव संबंधम्'. मराठीत "त्याचा संबंध आहे" म्हटलं की काय अर्थ होतो हे मी सांगायला नको. तेलुगूत आणि कन्नडमध्ये संबंध म्हणजे स्थळ, सोयरीक. "संबंध बघतोय" म्हणजे मुलगी बघतोय. रेंडव म्हणजे दुसरा. रेंडव संबंधम् म्हणजे दुसरेपणाचं स्थळ, मुलाचं हे दुसरं लग्न. मुलाच्या घरानं काही लपवलं नव्हतं, उलट स्पष्ट लिहिलं होतं. काकांनी रात्री फोन केला असता तर खरं सांगणाऱ्या माणसालाच शिव्या बसल्या असत्या.

खोलीत सगळे गप्प झाले. मुलगी पडद्यामागं होती. मध्यस्थ ही गोष्ट तोंडी बोललाच नव्हता. तेव्हा एका बाईनं मला हळूच सुचवलं, "ही ओळ आत्ता वाचू नका. आधी भेट होऊ दे." चांगल्या मनानंच सुचवलं. पण मी ती ओळ लिहिली आणि मोठ्यानं वाचली: "मुलाचा हा दुसरा विवाह आहे." गोड बोलायचं ते शब्दांत. ओळ गाळणं म्हणजे ज्या मुलीनं नांदायचं तिच्यापासून लपवणं. मी "बिजवर" लिहिलं नाही, कारण तो शब्द आपल्याकडे टोमण्यासारखा लागतो. पहिलं लग्न कशानं मोडलं याचा अंदाजही लिहिला नाही, कारण कागदावर तो नव्हता. बाजूला प्रश्न म्हणून लिहून ठेवला.

अपेक्षांच्या तीन ओळी होत्या. 'मर्याद असलेलं कुटुंब' म्हणजे मानानं वागणारं घर. आपल्या मर्यादेचा, म्हणजे हद्दीचा किंवा डोईवरच्या पदराचा, तिथं संबंध नाही. 'मुलीनं नोकरी केली तर अभ्यंतरम् लेदु' म्हणजे हरकत नाही. नोकरी हवीच असाही त्याचा अर्थ नाही आणि आम्ही तिला प्रोत्साहन देऊ असाही नाही. हरकत नाही, इतकंच. आणि तिसरी ओळ, 'लग्न घनंगा व्हावं'. घनंगा म्हणजे थाटामाटात.

या ओळीवर जास्त बोलणं झालं. हुंड्याला तिकडे कट्नम् म्हणतात, आणि तो शब्द बायोडाट्यात कुणी लिहित नाही. आपल्याकडे तरी हुंडा कोण लिहितं? आपण "मानपान रीतीप्रमाणे" म्हणतो. 1961 पासून हुंडा देणं, घेणं, मागणं हा गुन्हा आहे, तेव्हापासून तर हा शब्द कागदावरून आणखीच गेला. मग घनंगाचं मराठी काय करायचं? "हुंडा मागतात" लिहिलं तर तो आपला आरोप झाला. "लग्न साधेपणानं चालेल" लिहिलं तर आपण खोटे पडलो. मी लिहिलं, "लग्न थाटात व्हावे, अशी इच्छा." आणि बाजूला प्रश्न: खर्च कुणी, किती?

म्हणजे आम्ही वहीचं पान तीन भागांत आखलं होतं. पहिल्या भागात सुनेनं वाचलेला शब्द जसाच्या तसा, बाळबोध अक्षरांत. दुसऱ्या भागात मराठी अर्थ. तिसऱ्या भागात विचारायचं काय. ही तीन घरं वेगळी ठेवली की वाचणाऱ्याचा अंदाज आणि समोरच्याचं म्हणणं एकमेकांत मिसळत नाही. जातीचं, पोटजातीचं आणि गोत्राचं नाव मात्र दुसऱ्या भागातही तसंच ठेवलं. "म्हणजे आपले अमुकच" असा त्याचा अर्थ लावला नाही. ते दोन्हीकडच्या जाणत्या माणसांनी समोरासमोर बसून ठरवायचं असतं.

तिसऱ्या भागात शेवटी दोनच प्रश्न उरले. पहिला, पहिल्या लग्नाचं काय झालं. दुसरा, थाटाचा अर्थ काय. हे विचारायचे कसे, यावर आजीनं शिकवलं. फोन बाईनं मेनमामलाच करायचा आणि नावापुढं 'गारु' लावायचं. आपल्या रावसारखा तो मान आहे. सुनेनं मग तेलुगूत विचारलं त्याचा मतलब असा होता: "तुम्ही सगळं मोकळेपणानं लिहिलंत, आम्हाला बरं वाटलं. आमची मुलगी विचारते, पहिल्या लग्नाची फारकत कोर्टातून झाली आहे का? निकालाची प्रत बघायला मिळेल का?" प्रश्न मुलीच्या नावानं गेला, आणि खरंही तेच होतं. पडद्यामागून तिनं तेच विचारलं होतं. ती म्हणाली होती, "दुसरं लग्न असलं तरी माझी ना नाही. पण कागद बघितल्याशिवाय हो नाही."

मामानं सरळ उत्तर दिलं. केस कोर्टात आहे, निकाल अजून नाही, पण लवकरच लागेल.

इथं सगळं थांबलं. पहिलं लग्न कायद्यानं संपलेलं नसताना केलेलं दुसरं लग्न हिंदू विवाह कायद्यात ग्राह्य नाही. निकाल लागला तरी अपिलाची मुदत जावी लागते. पंचांसमोर झालेली सोडचिठ्ठी अनेक घरांना पुरेशी वाटते, पण कोर्ट त्या जातीची तशी रूढी सिद्ध करून मागतं. ते सोपं नसतं. काकांचं म्हणणं होतं, बोलणी करून ठेवू, निकाल लागला की लग्न. मुलीनं नाही सांगितलं. दुसऱ्याच्या कोर्टाच्या तारखांवर मला बसायचं नाही, म्हणाली.

मग नकार लिहायचा होता, आणि तो पहिल्या कागदाइतकाच जपून. आजीचं माहेर त्याच बाजूला, उद्या पुन्हा तोंड बघायचं आहे. आम्ही आधी मराठीत लिहिलं, सुनेनं तेलुगू केलं: "आपण सर्व गोष्टी स्पष्ट सांगितल्या याबद्दल आभारी आहोत. सध्या आमच्या मुलीसाठी हा योग जुळत नाही. आपल्या मुलाला चांगलं स्थळ मिळो. आपला फोटो आणि माहिती आम्ही कुणाला पाठवलेली नाही." केस, दुसरं लग्न, थाट यांतलं एकही कारण त्यात घातलं नाही. शेवटचं वाक्य सुनेनं स्वतःहून घातलं, आणि मग खरोखरच बाईच्या आणि भाच्याच्या मोबाईलमधून तो फोटो काढून टाकायला लावला. त्यावर एका माणसाची जन्मतारीख होती, नंबर होता आणि त्याच्या मोडलेल्या संसाराची ओळ होती.

मामाचा उलट निरोप आला, एकाच ओळीचा. सुनेनं वाचून दाखवला: "मर्यादेनं बोललात." भाचा तिथंच होता. या वेळी त्यानं अर्थ सांगायची घाई केली नाही, आधी आजीकडं बघितलं.